‘माल सुकला’ म्हणजे नेमका किती? तारण गोदामातल्या सोयाबीनचं ऑडिट

बँकेचं पत्र मे २०२५ च्या पहिल्या आठवड्यात आलं. एका व्यापाऱ्याने नागपूरजवळच्या कापसीच्या बाजूला असलेल्या गोदामात सोयाबीन ठेवून कर्ज उचललं होतं आणि त्या मालाचं स्टॉक ऑडिट करून तीन आठवड्यांत अहवाल द्यायचा होता. दुकानाचं किंवा कारखान्याचं स्टॉक ऑडिट मी बऱ्याचदा केलं आहे. पण गोदामातल्या धान्यावर उचललेल्या कर्जाचं काम पहिल्यांदाच हाती आलं, आणि कसं करायचं हे सांगणारं मराठीत काही सापडेना. तुमच्याकडे असं काम आलं तर थोडा अंदाज यावा म्हणून हे लिहिते आहे. बँकेचं, व्यापाऱ्याचं आणि गोदाम सांभाळणाऱ्या कंपनीचं नाव अर्थातच देत नाही.

आधी मांडणी समजून घ्या. या कर्जात माल व्यापाऱ्याचाच असतो, पण ताबा त्याच्याकडे नसतो. बँक एका कोलॅटरल मॅनेजर कंपनीला नेमते. ती कंपनी माल तपासून, मोजून आत घेते, गोदामाला स्वतःचं कुलूप लावते, रखवालदार ठेवते आणि पावती देते. त्या पावतीवर बँक कर्ज देते. बँकेच्या लेखी ‘रिलीज ऑर्डर’शिवाय एक पोतंही बाहेर जाता कामा नये. १८७२ च्या करार कायद्यातली तारणाची व्याख्या ताब्यावर उभी आहे, म्हणून गोदामात गेल्यावर मी पहिल्यांदा विचारलं ते किल्लीबद्दल. किल्ली कंपनीच्या सुपरवायझरकडे होती, दुसरी बँकेत सीलबंद पाकिटात. व्यापाऱ्याच्या मुनीमाकडे किल्ली सापडली असती तर बाकीची मोजणी कितीही बरोबर निघो, तारणच कच्चं ठरलं असतं.

पण गोदामात जायला मिळेपर्यंत वाट बघावी लागली. मी १२ मे सुचवली, तर कंपनीकडून निरोप आला की थप्प्यांना किडीसाठी धुरी दिली आहे, आत येता येणार नाही. हे कारण खरंही असतं आणि वेळ काढायलाही वापरलं जातं. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन वायू जिवावर बेततो आणि थप्पी पाच ते सात दिवस ताडपत्रीखाली बंद ठेवावी लागते, त्यामुळे हट्ट करण्यात अर्थ नव्हता. मी धुरीच्या रजिस्टरच्या पानाचा फोटो, गोळ्यांच्या खरेदीचं बिल आणि ताडपत्री झाकलेल्या थप्प्यांचा तारखेसह फोटो त्याच दिवशी मागवला. तिन्ही आले. मग २० मे ठरली, आणि ताडपत्री काढून गोदाम आदल्या दिवशीच हवेशीर करायचं असं पत्राने कळवलं.

मधले दिवस वाया गेले नाहीत. माझ्या मते या कामाचा निम्मा भाग गोदामात पाय ठेवण्याआधीच होतो. माल नोव्हेंबर २०२४ मध्ये आला होता. पावत्यांप्रमाणे चार थप्प्या, प्रत्येकी २,००० पोती, एका पोत्यात निव्वळ ६० किलो. म्हणजे एकूण ८,००० पोती आणि ४८० टन. आकडा इतका गोल दिसला की पहिली शंका ही येते, की साठ किलो खरंच भरले होते का, की फक्त लिहिले होते? त्यासाठी धर्मकाट्याच्या पावत्या मागवल्या. प्रत्येक ट्रकचं भरलेलं आणि रिकामं वजन घेऊन बेरीज केली, ती आली ४८४.८ टन. एका तागाच्या पोत्याचं वजन साधारण ६०० ग्रॅम धरलं तर ८,००० पोत्यांचं बारदान ४.८ टन होतं. ते वजा केल्यावर बरोबर ४८० टन उरले. गेट रजिस्टरातले ट्रक नंबर आणि वेळा पावत्यांशी जुळल्या. आत गेला तेव्हा माल पुरा होता, एवढं पक्कं झालं.

इथे पावतीच्या प्रकाराबद्दल थोडं सांगते. गोदाम ‘वखार विकास आणि नियामक प्राधिकरणा’कडे, म्हणजे ज्याला सगळे डब्ल्यूडीआरए म्हणतात त्याच्याकडे नोंदलेलं असेल, तर पावती इलेक्ट्रॉनिक असते आणि रिपॉझिटरीत, म्हणजे पावत्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत दिसते. एनईआरएल आणि सीसीआरएल या त्या दोन रिपॉझिटरी. बँकेचा बोजा तिथेच नोंदला जातो, त्यामुळे तीच पावती दुसऱ्या बँकेत ठेवता येत नाही. आमच्या प्रकरणात पावत्या कंपनीने दिलेल्या साध्या कागदी होत्या. अशा वेळी फक्त आपल्या बँकेच्या पावत्या बघून भागत नाही. त्या गोदामावर दिलेल्या सगळ्या पावत्यांचं रजिस्टर मागवायचं, रद्द झालेल्या पावत्यांच्या मूळ प्रती बघायच्या आणि गोदामातल्या सगळ्या थप्प्या मोजायच्या, मग त्या कोणाच्याही नावावर असोत. एकाच थप्पीवर दोन बँकांनी कर्ज दिलेलं असेल तर ते फक्त असंच पकडता येतं. सुपरवायझर कुरकुरला, “मॅडम, दुसऱ्या पार्टीचा माल तुम्हाले कायले पाहिजे?” मी बँकेच्या पत्रातलं कलम दाखवलं. ते कलम पत्रात नसेल तर आधी लिहून घ्या. दारात उभं राहून वाद घालण्यात सकाळ जाते.

आता मुख्य गोष्ट, घट. फोनवर पहिल्याच दिवशी मला ऐकवलं होतं, “उन्हाळा हाय ना मॅडम, माल सुकते. वजन कमीच भरन.” हे खोटं नाही. नोव्हेंबरात आलेलं सोयाबीन ओलसर असतं आणि नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात सहा महिने राहिल्यावर ते सुकणारच. प्रश्न किती सुकलं हा आहे, आणि त्याचं उत्तर मोजून काढता येतं. दाण्यातलं पाणी उडतं, कोरडा भाग तेवढाच राहतो. त्यामुळे आधीचं वजन गुणिले (१०० वजा आधीचा ओलावा) भागिले (१०० वजा आताचा ओलावा) केलं की आता किती वजन असायला हवं ते निघतं. आवक होताना घेतलेल्या नोंदींवरून, ट्रकच्या वजनाप्रमाणे सरासरी काढून, ओलावा ११.८ टक्के आला. नुसती सरासरी काढू नका. मोठा ट्रक आणि छोटा ट्रक सारखे धरले तर आकडा चुकतो. आताचा ओलावा अजून मोजायचा होता, म्हणून मी ८ ते १० टक्क्यांपर्यंतच्या प्रत्येक आकड्यासाठी पोत्याचं अपेक्षित वजन काढून एका कागदावर लिहून नेलं. या कागदाचा पुढे फार उपयोग झाला.

२० मे रोजी सकाळी सहाला गोदामात पोचलो. दहानंतर पत्र्याखाली उभंही राहवत नाही, म्हणून ही वेळ. सोबत माझ्याकडे सीएचं प्रशिक्षण घेणारा आर्टिकल, हमालांची टोळी, वजनमापे विभागाचा शिक्का असलेला इलेक्ट्रॉनिक काटा, दोन ओलावामापक आणि पोत्यात खुपसून नमुना काढायची परखी. हमाली कोणी द्यायची हे आधीच ठरवून घ्या. आम्हाला बँकेने व्यापाऱ्याच्या खात्यावर टाकायची लेखी परवानगी दिली होती. दोन दिवसांची हमाली आणि काट्याचं भाडं मिळून नऊ हजारांच्या आसपास गेलं. नमुन्यांच्या तपासणीचे वेगळे साडेतीन हजार. माझी फी पंधरा हजार अधिक जीएसटी होती. पहिल्यांदा काम घेणाऱ्यांनी हे आकडे शेजारी ठेवून बघावेत, कारण परवानगी नसती तर फीतला मोठा भाग हमालीतच गेला असता.

आधी पोती मोजली. एका थरात शंभर पोती आणि वीस थर. बाहेरून गुणाकार जुळतो, पण थप्पी आतून पोकळ असू शकते. म्हणून शिडीने वर चढून प्रत्येक थप्पीच्या मध्यावरची काही पोती काढायला लावली आणि चार थर खाली जाईल एवढी विहीर करून आत टॉर्च मारला. कोपरे आणि बाजू बघून माणूस खूश होतो; मधोमध उतरल्याशिवाय समाधान मानू नये. चारही थप्प्या भरीव निघाल्या आणि पोती आठ हजार पूर्ण भरली. सुपरवायझरचा चेहरा सैल झाला. त्याच्या मते ऑडिट तिथेच संपलं होतं.

मग वजन. प्रत्येक थप्पीतून साठ पोती निवडली: काही बाहेरच्या रांगेतली, काही वरची, काही विहिरीतली. इथे एक बारकावा आहे. बाहेरचं पोतं आतल्यापेक्षा जास्त सुकतं. वजन बाहेरच्या पोत्यांचं घेतलं आणि ओलावा आतल्यांचा, तर हिशेब फसतो आणि घट आहे त्याहून मोठी दिसते. म्हणून ज्या पोत्याचं वजन, त्याच पोत्यात परखी आणि त्याचाच ओलावा. नमुना लगेच जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत घालून बंद करायचा. मे महिन्यात ताटात पसरून ठेवलेले दाणे तपासणीपर्यंत आणखी सुकतात, आणि तो कमी ओलावा घट समजावून सांगायला कंपनीच्या कामी येतो. दोन्ही मापकांवर रीडिंग घेतली, शिवाय प्रत्येक थप्पीचा एक सीलबंद नमुना प्रयोगशाळेत भट्टीत सुकवून तपासायला पाठवला.

ओलावा चारही थप्प्यांत जवळजवळ सारखा, सरासरी ८.६ टक्के. माझ्या कागदावर ८.६ समोर लिहिलं होतं: ५७.९ किलो. म्हणजे ६० किलोच्या पोत्यात २.१ किलो घट ही निव्वळ पाण्याची. बरेच जण ११.८ मधून ८.६ वजा करून ३.२ टक्के घट धरतात. खरी घट साडेतीन टक्के निघते, कारण टक्केवारीचा पायाच बदललेला असतो. ४८० टनांवर हा फरक दीड टनाच्या जवळ जातो.

पहिल्या तीन थप्प्यांची सरासरी बारदान वजा जाता ५७.८ आली. शंभर ग्रॅमचा फरक. करारात ओलाव्याची घट प्रत्यक्ष मोजून आणि हाताळणीची घट अर्ध्या टक्क्यापर्यंत मान्य होती, तेव्हा हे सरळ बसत होतं. चौथ्या थप्पीची सरासरी आली ५५.४.

काटा परत तपासला, ठरलेलं वजन ठेवून बघितलं. काटा बरोबर होता. मग सरासरी बाजूला ठेवून साठ पोत्यांचे आकडे एकाखाली एक लिहिले आणि चित्र उघड झालं. चाळीस पोती ५७.८ च्या आसपास होती आणि वीस पोती साधारण साडेपन्नास किलोची. मधलं एकही नव्हतं. सुकल्याने घट झाली असती तर सगळीच पोती थोडी थोडी हलकी झाली असती. उंदीर किंवा कीड असती तर वजनं विस्कळीत आली असती, पोती कुरतडलेली दिसली असती, तळाशी भुसा पडला असता.

हलकी पोती बाजूला काढून उभी केली तेव्हा एका हमालदादांनी बोट दाखवलं, “ताई, याची शिलाई पाहा.” बाकी सगळ्या पोत्यांच्या तोंडाला मशीनची पांढरी दुहेरी टीप होती, टाके एकसारखे. या वीस पोत्यांना दाभणाने सुतळीची हातशिलाई होती आणि जुन्या टिपेची भोकं तागात अजून दिसत होती. उघडून परत शिवलेली पोती होती ती. सुपरवायझर म्हणाला, फेब्रुवारीत पोती फाटली होती, माल दुसऱ्या पोत्यांत पलटी केला. पलटीचं रजिस्टर काढलं, त्यात नोंद होती ८५ पोत्यांची. साठात वीस हे प्रमाण धरलं तर दोन हजारांच्या थप्पीत साडेसहाशेच्या वर पोती निघतात. शिवाय पोतं बदलल्याने सात किलो सोयाबीन कमी का व्हावं, याचं उत्तर रजिस्टरात नव्हतं.

मी तिथे चोरी हा शब्द उच्चारला नाही आणि अहवालातही लिहिला नाही. आपण जे मोजलं ते लिहायचं: इतकी पोती हातशिलाईची, वजन इतकं, नोंद इतक्यांची, अपेक्षित वजनापासून फरक इतका, समाधानकारक खुलासा नाही. वजनाच्या तक्त्यावर सुपरवायझर, मुनीम आणि मी अशा तिघांच्या सह्या जागेवरच घेतल्या. दुसऱ्या दिवशी सह्या मिळणं कठीण जातं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मला झोप लागली नाही, कारण साठ पोत्यांवरून मी दोन हजार पोत्यांबद्दल बोलणार होते. म्हणून अहवालाची वाट न बघता बँकेला दुसऱ्या दिवशीच ईमेल करून चौथ्या थप्पीचं शंभर टक्के वजन करायची शिफारस केली आणि तोवर गोदामाला बँकेचंही कुलूप लावायला सांगितलं. नमुन्यावरून माझा अंदाज पाच टन तुटीचा होता. २४ मे रोजी सगळी थप्पी काट्यावर गेली: ११५.८ टन असायला हवे होते, भरले ११०.९. तूट ४.९ टन.

प्रतवारीबद्दल थोडक्यात. काडीकचरा आणि माती आवकेइतकीच निघाली. हलक्या पोत्यांत माती मिसळून वजन भरून काढलेलं नव्हतं, हे मुद्दाम तपासलं. डागी दाणेही वाढलेले नव्हते. फुटलेले दाणे मात्र वाढले होते, कारण इतकं कोरडं सोयाबीन उचल-टाकीत फुटून डाळ होतं. हातशिलाईच्या पोत्यांत ते जास्त होते. ती पोती एकदा जास्त हाताळली गेली, याला यातून दुजोरा मिळाला.

आता पैशांचा हिशेब, कारण बँकेला शेवटी तोच हवा असतो. क्विंटलला ४,२०० रुपये दर धरला. चौथ्या थप्पीच्या तुटीतून मान्य अर्धा टक्का वजा केला तर सुमारे ४३ क्विंटल उरतात, म्हणजे एक लाख ऐंशी हजार रुपये, आणि ते कंपनीने भरून द्यायचे. पण पाणी उडाल्याची घट १६८ क्विंटल होती, म्हणजे सात लाखांच्या वर, आणि त्यात कोणाचाच दोष नव्हता. बँक मात्र नोव्हेंबरच्या ४,८०० क्विंटलवरच दर महिन्याला कर्जाची मर्यादा काढत होती. माझ्या मते अहवालातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच होता. कोरड्या मालाला बाजारात ओलाव्याची कपात लागत नाही, त्यामुळे दरात थोडी भरपाई होते, पण मर्यादा आहे त्या वजनावरच काढायला हवी.

ऑगस्टमध्ये हेच ऑडिट झालं असतं तर? पावसाळ्यात हवा दमट होते, दाणा पाणी परत ओढून घेतो आणि वजन वाढतं. ओलावा न मोजता नुसतं वजन केलं असतं तर चौथ्या थप्पीतली तूट त्या पाण्याखाली बरीचशी झाकली गेली असती. म्हणून महिना कोणताही असो, वजनाच्या शेजारी ओलाव्याचा रकाना हवाच.

विम्याचे कागद मी सगळ्यात शेवटी बघितले आणि तिथे दोन गोष्टी निघाल्या. आगीच्या पॉलिसीवर ‘गाळा क्रमांक २’ लिहिलं होतं, तर माल गाळा क्रमांक ४ मध्ये होता. आवार एकच, मालक एकच, तरीही दावा अडायला तेवढं पुरतं. दुसरं, त्या पॉलिसीखाली इतर पार्ट्यांचाही माल होता. आवारात सहा कोटींचा माल आणि विमा साडेचार कोटींचा. अशा वेळी सरासरीचं कलम लागतं: एक कोटीचा माल जळाला तर पंचाहत्तर लाखच मिळतात, कारण विमा पाऊणच होता. विम्याची रक्कम आपल्या कर्जापेक्षा मोठी दिसली की बँकेतले लोक निश्चिंत होतात. ती साऱ्या आवाराच्या मालाशी ताडून बघायला हवी.

तुटीसाठी विमा मिळेल का, हे व्यापाऱ्याने मला तळमळून विचारलं. नैसर्गिक घट कुठल्याच पॉलिसीत येत नाही. घरफोडीच्या पॉलिसीला बळजबरीने आत शिरल्याची खूण लागते. इथे कुलूप शाबूत होतं. उरली ती कंपनीने आपल्या नोकरांच्या अप्रामाणिकपणासाठी घेतलेली फिडेलिटी पॉलिसी. तिच्यात तूट लक्षात आल्यावर ठरावीक मुदतीत कळवायची अट असते, म्हणून कळवल्याची तारीख दिसेल असं पत्र कंपनीने विमा कंपनीला त्याच आठवड्यात पाठवावं, असं मी बँकेमार्फत सांगितलं.

अहवाल २९ मे रोजी दिला. कंपनीने आधी ‘कडक उन्हाळा’ असंच उत्तर दिलं. त्यावर बँकेने प्रयोगशाळेचा अहवाल आणि वजनाचा तक्ता जोडून पाठवला. चारही थप्प्यांचा ओलावा सारखा असताना एकच थप्पी कशी जास्त सुकली, एवढाच प्रश्न होता. जूनच्या मध्याला त्यांनी ४३ क्विंटलची रक्कम कर्जखात्यात जमा केली आणि सुपरवायझर बदलला. विम्याच्या पॉलिसीवर गाळा क्रमांक ४ ची दुरुस्ती झाली, रक्कमही वाढवून घेतली. कमी झालेल्या मर्यादेपोटी व्यापाऱ्याला काही पैसे भरावे लागले आणि तो माझ्यावर नाराज आहे. त्याची बाजूही मला समजते, कारण पाणी उडण्यावर त्याचा काही इलाज नव्हता. बँकेने पुढच्या मासिक स्टॉक स्टेटमेंटमध्ये थप्पीनिहाय ओलाव्याचा रकाना घातला आहे. माझी फी जुलैत आली.